घसा बसला हो! सहा सेकंदांच्या एका विनोदाचं मराठी डबिंग

फोंड्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत परदेशी ॲनिमेशन मालिका मराठीत करण्याचं काम चालतं. बोलणारी मंडळी बहुतेक गोव्याच्या रंगभूमीवरची. कुणी कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत नावाजलेलं, कुणी गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकांत वाढलेलं. एक भाग अकरा मिनिटांचा आणि त्यात दीडशेच्या आसपास संवाद. सगळ्या कामाचं वर्णन करत बसलो तर काहीच नीट कळणार नाही, म्हणून इथे फक्त सहा सेकंदांचा तुकडा घेतो आणि तो फाईल आल्यापासून मिक्सिंगपर्यंत कुठून कुठून जातो ते सांगतो. करारामुळे मालिकेचं नाव देता येत नाही, पात्रांची रूपंही बदलली आहेत. प्रश्न मात्र खरे आहेत.

दृश्य असं. डॉक्टर म्हणजे एक बगळा, लांब मानेचा, कधीही न हसणारा. त्याच्यासमोर एक शिंगरू येतं. "डॉक्टर" म्हणतं, दोनदा खोकतं आणि इंग्रजीत सांगतं, "आय ॲम अ लिटल हॉर्स." हॉर्स म्हणजे घसा बसलेला, आणि उच्चार तोच ठेवून घोडाही. बगळा त्याच्याकडे डोक्यापासून खुरापर्यंत बघतो आणि म्हणतो, "येस, आय कॅन सी दॅट." मागच्या बाकावरची शेळी फिस्सकन हसते. इंग्रजीतला हा फार जुना विनोद आहे आणि तो शब्दावरच उभा आहे. "मी छोटा घोडा आहे" असं लिहिलं की त्यात काहीच उरत नाही.

लिहायला बसण्याआधी फाईल तपासायची. आमच्याकडे तीन गोष्टी येतात: कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा, छापलेलं चित्र, मूळ संवादांची संहिता आणि एम-अँड-ई, म्हणजे संवाद वगळून फक्त संगीत आणि इतर आवाजांचा ट्रॅक. पहिली तपासणी फ्रेम रेटची. चित्र सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं असेल आणि आपला सेशन चुकून २४ वर उघडला असेल, तर फरक एक हजारात एकाचा पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण अकरा मिनिटांच्या शेवटी आवाज आणि तोंड यांत साधारण सोळा फ्रेमचं अंतर पडलेलं असतं, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश सेकंद. ओळखायचं कसं? सुरुवातीचा संवाद चपखल बसतो आणि शेवटचा घसरलेला असतो. पहिल्या संवादापासूनच सारखं अंतर असेल तर गडबड फ्रेम रेटची नसते, फाईलच पुढेमागे लागलेली असते. हे रेकॉर्डिंगनंतर लक्षात आलं तर प्रत्येक संवाद हाताने सरकवावा लागतो.

दुसरी तपासणी एम-अँड-ईची. मूळ आवाज बंद करून नुसता हा ट्रॅक चित्रासोबत अख्खा ऐकायचा. आमच्या दृश्यात इथेच दोन भोकं सापडतात. शिंगराचा खोकला मूळ कलाकाराने संवादासोबतच दिलेला, त्यामुळे तो संवादाच्या ट्रॅकवर आहे आणि एम-अँड-ईत गायब. शेळीचं हसणंही तसंच. बगळ्याच्या मानेचा कुर्रकन होणारा आवाज मात्र आहे. म्हणजे खोकला आणि हसू आपल्यालाच रेकॉर्ड करावं लागणार. श्वास, हुंकार, आवंढा, चघळणं, धडपडताना निघणारा आवाज, यांची यादी लेखकाने संवादांइतकीच काळजीने करायला हवी. ती राहून गेली की पात्र पडतं, आपटतं, आणि तोंडातून चकार शब्द निघत नाही. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चित्र निर्जीव वाटतं.

मग स्पॉटिंग. प्रत्येक संवाद कोणत्या फ्रेमला सुरू होतो, कुठे संपतो आणि मध्ये तोंड काय काय करतं ते लिहून काढायचं. पात्र समोर दिसत असेल तर ऑन, पाठमोरं किंवा चौकटीबाहेर असेल तर ऑफ. ऑफ संवाद म्हणजे लेखकाची चैन, तिथे चार अक्षरं जास्त झाली तरी कुणी विचारत नाही. आमचे दोघेही ऑन आहेत.

ॲनिमेशनमधलं तोंड माणसाच्या तोंडासारखं अखंड हलत नाही. ठरावीक सहा ते नऊ आकार काढलेले असतात: बंद ओठ, थोडं उघडं, मोठा आ, गोल ओ, दातांवर टेकलेला खालचा ओठ, असे. आणि बऱ्याच मालिकांत एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. याचा फायदा असा की सगळं जुळवायची गरज नसते. तीन जागा सांभाळल्या की काम भागतं: ओठ मिटलेत ती, ओठ गोल झालेत ती, आणि तोंड हलायचं थांबतं ती. मिटलेल्या ओठांवर प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी यायला हवं. त्यातही मिटलेल्या तोंडातून मोठा 'आ' ऐकू येणं सगळ्यात जास्त खटकतं. उलट बाजू, म्हणजे उघड्या तोंडावर एखादा 'ब' निघून जाणं, मध्यम अंतराच्या शॉटमध्ये सहज खपतं.

शिंगराच्या वाक्याला २८ फ्रेम आहेत, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आतच. पहिल्या पाच फ्रेममध्ये "आय ॲम" उरकतं आणि त्यातल्या शेवटच्या दोन फ्रेमला ओठ मिटतात. पुढच्या पंधरा फ्रेम "अ लिटल", तोंड अर्धं उघडं आणि बडबडतं. शेवटच्या आठ फ्रेम "हॉर्स", ओठ गोल आणि लांबवलेले. पुढे कॅमेरा बगळ्यावर जातो. त्याची मान सोळा फ्रेममध्ये वरून खाली येते, दोन फ्रेम थांबते, आणि मग "येस", मध्ये सात फ्रेमची शांतता, मग बाकीचं वाक्य १८ फ्रेममध्ये. त्याची चोच मिटल्यावर चौदा फ्रेमनी शेळीचं तोंड उघडतं. ही चौदा फ्रेमची शांतता म्हणजेच विनोद. आपलं वाक्य लांबून तिच्यात घुसलं तर हसू येणार नाही, मग शब्द कितीही मजेदार असोत.

आता लेखन. विनोद बदलायला आमची हरकत नसते, हसण्याची जागा आणि चित्रातली कृती बदलता येत नाही. म्हणून आधी विचारायचं: चित्रात असं काय आहे की ज्याला कारण द्यावंच लागेल? इथे उत्तर एकच, बगळ्याची खाली जाणारी नजर. मराठी विनोदाला त्या नजरेचा अर्थ लावता आला पाहिजे.

पहिला सुचणारा पर्याय "आवाज गेला हो" हा आहे. डॉक्टर विचारणार, "कुठं गेला?" ऐकायला बरा आहे. पण गेलेल्या माणसाला शोधायला आपण दाराकडे बघतो, आणि बगळ्याची मान उभी वरून खाली येते. शिवाय शिंगरू तर बोलतंय, मग आवाज गेला कुठे? पोरं असल्या गोष्टी बरोब्बर पकडतात.

मराठीत घसा 'बसतो'. आणि बसलेल्याला शोधायचं तर नजर खालीच जाते. तिथे कुलूप उघडलं. बगळा डोक्यापासून खुरापर्यंत बघतो तो आता निरखून घेण्यासाठी नाही, घसा कुठे बसलाय ते शोधण्यासाठी. चित्राची एकही रेघ न बदलता त्याच्या मानेला नवं कारण मिळालं.

आता हे २८ फ्रेममध्ये बसवायचं. "माझा घसा बसलाय" म्हटलं तर सुरुवातीलाच 'मा', ओठ मिटायला हवेत तेव्हा उघडे दिसतात आणि उघडे असायला हवेत तेव्हा मिटतात. शिवाय शेवटी 'लाय', पसरलेलं तोंड, आणि चित्रात ओठ गोल. "आज माझा घसा बसलाय" केलं तर 'आज'नंतरचा 'म' बरोबर मिटलेल्या ओठांवर पडतो, पण उच्चारातली अक्षरं मोजली, म्हणजे 'आज' एक, 'बस' एक, 'लाय' एक, तर ती सात होतात. शेवटचं अक्षर आठ फ्रेम लांबवायचं असल्याने उरलेल्या सहांना वीस फ्रेम मिळतात. सेकंदाला सात अक्षरांच्या वरचा वेग. निरोगी, खोडकर पात्राला तो चालेल, आजारी शिंगराला नाही.

शेवटी ठरलं ते असं: "अं… घसा बसला हो." 'अं' म्हणताना ओठ आपोआप मिटतात, ते "आय ॲम"च्या जागी. घ, सा, बस, ला ही चार अक्षरं मधल्या पंधरा फ्रेममध्ये. सेकंदाला सहाच्या थोडा वर वेग होतो, जो मराठी बोलण्याचा सहज वेग आहे. आणि 'हो' नेमका गोल ओठांवर, आठ फ्रेम लांबवून. इंग्रजीत तिथे 'ह' आणि 'ऑ'च होता, हे नशीब. 'बस'मधला 'ब' अर्ध्या उघड्या तोंडावर पडतो, पण शिंगराचं तोंड तिरपं आणि शॉट मध्यम अंतराचा आहे. क्लोजअप असता तर हे वाक्य पुन्हा लिहावं लागलं असतं.

'हो'चा दुसरा फायदा स्वभावाचा. इंग्रजीतलं शिंगरू नुसतं तक्रार करतं. मराठीत 'हो' आला की ते लाघवी होतं, वडीलधाऱ्या डॉक्टरांपुढे जरा लाडं लाडं कुरकुरतं. मूळ आवाजात तो सूर होताच, शब्दांत नव्हता. इंग्रजीतल्या एकाच 'यू'चं तू, तुम्ही की आपण करायचं हे मराठीत पहिल्याच भागात ठरवावं लागतं आणि ते एका वहीत नोंदवून ठेवावं लागतं: कोण कुणाला काय म्हणतो. बगळा सगळ्यांना, अगदी सुरवंटालाही, "तुम्ही" म्हणतो. त्याच्या कोरडेपणाचा निम्मा भाग त्या एका सर्वनामात आहे. तिसऱ्या भागात दुसऱ्या लेखकाने त्याच्या तोंडी "तू" घातलं की पात्र फुटलं.

बगळ्याचं उत्तर त्या मानाने सोपं. चोचीला ओठ नसतात, ती फक्त उघडते आणि मिटते. प-ब-मची काळजीच नाही. "येस"च्या जागी "कुठं?", मग सात फ्रेमची शांतता, आणि "आय कॅन सी दॅट"च्या चार अक्षरांवर "दिसत नाही" ची चार. मूळ वाक्यात त्याला दिसतंय, मराठीत दिसत नाही, आणि दोन्हीकडे चेहरा सारखाच निर्विकार.

इथे मराठी वाक्यरचनेचा एक खोडा असतो. इंग्रजीत धक्का देणारा शब्द पुष्कळदा शेवटी येतो, कट त्यावरच असतो. मराठीत शेवटी क्रियापद येऊन बसतं आणि धक्क्याचा शब्द दोन पावलं आधीच फुटतो. "त्यानं अख्खा हत्ती गिळला" यात 'हत्ती' कळला की हसू संपलं, 'गिळला' नुसतं शेपूट. आपली भाषा मात्र उलटापालट करू देते: "गिळलं काय? अख्खा हत्ती!" असं सवाल-जवाबात तोडलं की शब्द शेवटी जातो. पण दर दुसऱ्या संवादाला ही युक्ती वापरली तर सगळी पात्रं कीर्तनकारासारखी बोलू लागतात. भागात दोन-तीनदा, त्याहून जास्त नाही.

संहितेत हा तुकडा शेवटी असा दिसतो. एक तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन म्हणजे शब्द लांबवायचा.

```
00:04:12:06  शिंगरू (ऑन)   डॉक्टर…
00:04:12:20  शिंगरू (ऑन)   [खोकला, दोनदा, कोरडा]
00:04:13:14  शिंगरू (ऑन)   अं… घसा बसला हो//
00:04:15:18  बगळा (ऑन)     कुठं? / दिसत नाही.
00:04:17:14  शेळी (ऑन)     [फिस्सकन हसू]
```

हे पक्कं करण्याआधी सगळे भाग बघून घ्यायचे असतात. मालिका लिहिणाऱ्यांना जुना विनोद पुन्हा काढायची हौस असते. याच मालिकेत पुढच्या एका भागात भलाथोरला घोडा दवाखान्यात येतो आणि इंग्रजीत 'लिटल'च्या जागी 'बिग' म्हणतो. पहिल्या वेळी 'आवाज गेला' घेतलं असतं तर तिथेही तेच ओढावं लागलं असतं. 'बसला' असल्याने घोडा "माझापण बसला" म्हणू शकतो आणि बगळा "इथं सगळे बसायलाच येतात" असं म्हणून पुढच्या पेशंटकडे वळतो. मागे बाक आहेच.

सगळे भाग आधी बघण्याचं आणखी एक कारण व्याकरणाचं. दुसऱ्या एका पात्राने भागामागून भाग मुखवटा घातलेला असतो, आणि ती मुलगी आहे हे शेवटी कळतं. इंग्रजीत बोलून काही फुटत नाही. मराठीत "मी आलो" किंवा "मी आले" म्हटलं की गुपित संपलं. अशा पात्रासाठी लिंग न सांगणारीच रूपं वापरायची: "मी येईन", "मी जाणार", "मला माहीत आहे", "मी बघितलं", "मी पत्र लिहिलं". बहुतेक सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, त्यामुळे तो सुरक्षित. "जातो", "बसले", "पळालो" मात्र वर्ज्य. थोडं अवघड जातं, पण होतं.

आता कलाकार. गोव्यातल्या नटांचा आवाज कमावलेला असतो आणि तीच पहिली अडचण. देवळाच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेला गळा माईकपासून वीतभर अंतरावर आला की प्रत्येक वाक्य घोषणा होते. आम्ही सांगतो, ऐकणारा तुमच्या शेजारच्या कदेलीवर बसलाय असं समजा. आवाज नुसता कमी करून भागत नाही, मग ऊर्जाही जाते. अंतर कमी, भाव तोच, हे जमायला वेळ लागतो.

दुसरी अडचण उच्चाराची, आणि ती नेमकी आमच्या वाक्यात येते. कोकणीत 'अ' ओठ गोल करून, 'ऑ'कडे झुकवून उच्चारतात. कोकणी घरात वाढलेल्या माणसाचं मराठी कितीही शुद्ध असलं तरी घाईत "घॉसा बॉसला" असं काहीतरी निसटतं. एरवी त्यात काही वाईट नाही, पण शिंगराचं बोलणं आम्ही मुद्दाम कुठल्याच गावचं ठेवलेलं नाही. मालिका पुण्या-नाशकातही बघतात. म्हणून त्या अक्षरांवर थांबून सराव करून घेतो. गोव्याचा हेल आम्ही एका दुसऱ्या पात्राला दिलाय, एका खेकड्याला, जो मूळ मालिकेत दर्यावर्दी बोलीत बोलतो. तो तांडेल आहे, सगळ्यात हुशार आहे, आणि बगळ्याला "दोतोर" म्हणतो. हा शब्द 'डॉक्टर'च्या तोंडावर अगदी बरोबर बसतो. बोली नेहमी नोकराच्या किंवा चोराच्याच गळ्यात बांधायची ही डबिंगमधली जुनी खोड आहे आणि ती आम्हाला पटत नाही.

शिंगराचा आवाज मोठ्या बाईचा आहे. लहान मुलांचे आवाज बहुधा स्त्री कलाकारच देतात. मुलांचा आवाज मालिका चालू असतानाच फुटू शकतो आणि त्यांना तासभर उभं करणंही योग्य नाही. आवाज बारीक करायला सॉफ्टवेअर वापरत नाही, त्याने श्वासही बारीक होतो आणि खोटेपणा तिथे कळतो. या भागात शिंगराचे सगळे संवाद बसलेल्या घशाचे आहेत, म्हणून त्याच बाईचे दुसऱ्या भागांतले साधे संवाद आधी घ्यायचे आणि घोगरे शेवटी. किंकाळ्याही शेवटी. उलटं केलं तर उरलेला दिवस खरोखरच घसा बसतो. रेकॉर्डिंग जेवणाआधी अर्धवट भुकेनेही नको, पोटाची गुरगुर माईकला छान ऐकू येते. आणि शीत-कडी भरपेट झाल्यावर आवाज जडावतो. सकाळी हलकं खाऊन आलेलं उत्तम.

रेकॉर्डिंगमध्ये संवादाआधी तीन पीं वाजतात, एकेक सेकंदाच्या अंतराने, आणि चौथी वाजायला हवी तिथे तोंड उघडायचं. मूळ इंग्रजी आम्ही एकदाच ऐकवतो, तेही एका कानात. सतत ऐकवलं तर नट इंग्रजीचा हेल उचलतो, वाक्याच्या शेवटी सूर वर जातो, आणि शब्द मराठी असूनही कानाला परकं वाटतं. इथे "घसा बसला हो" चा जोर 'बस' वर यायला हवा. 'घसा' वर जोर दिला तर ती नुसती माहिती होते आणि बगळ्याच्या "कुठं?" ला काही आधारच उरत नाही. बगळ्याच्या नटाला उलट सूचना: विनोद करू नका. त्याला खरंच घसा शोधायचाय. "दिसत नाही" मध्ये किंचितही मिश्कीलपणा आला की पात्र बदललं. चांगला नटही इथे हसू दाबू शकत नाही, म्हणून बगळ्याचं आणि शिंगराचं रेकॉर्डिंग वेगवेगळं करतो.

गोव्याच्या हवेचं काय करायचं, हा वेगळाच धडा. पावसाळ्यातल्या दमटपणाने कंडेन्सर माईकच्या कॅप्सूलमध्ये ओल धरते आणि मधूनच तडतड ऐकू येते, जणू कुणी लांबून तेल तापवतंय. हेडफोनची वायर, प्री-ॲम्प यांना दोष देण्याआधी माईक सिलिका जेलच्या डब्यात ठेवून दुसरा लावून बघा. तडतड थांबली तर कारण सापडलं. खोलीत डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर ठेवतो, पण टेक चालू असताना तो आणि एसी दोन्ही बंद. पत्र्यावरच्या पावसाचा खालचा घुमा कितीही फोम लावला तरी पूर्ण जात नाही, जोराची सर आली की थांबणंच बरं. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी येतो, तो टाळता येतो. जत्रेत फुटणारी गर्नाळं टाळता येत नाहीत. म्हणून हळू आवाजातले संवाद लागोपाठ तीनदा घेऊन ठेवायचे, एक तरी स्वच्छ निघतो.

एडिटिंगमध्ये आवाज एक-दोन फ्रेम पुढेमागे करणं रोजचंच. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: आवाज तोंडाच्या आधी आलेला माणसाला पटकन कळतो, मागून आलेला उशिरा कळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की लक्षात येऊ लागतो, मागे पडलेला मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. २४ फ्रेमच्या हिशेबात आधी एक, नंतर तीन. म्हणून शंका असेल तेव्हा संवाद किंचित उशिरा ठेवतो. वाक्य लांबत असेल तर आवाज ताणण्या-आवळण्याआधी शब्दांमधली शांतता कापून बघायची. सॉफ्टवेअरने पाच टक्क्यांपर्यंत आवळलं तर कळत नाही, त्यापुढे आवाजाला पत्र्यासारखी धार येते. आणि बगळ्याच्या "कुठं?" नंतरची सात फ्रेमची शांतता तर कधीच कापायची नाही, ती त्याच्या मालकीची आहे.

मिक्सिंगमध्ये आमचा खोकला मूळ दवाखान्याच्या खोलीत बसवावा लागतो. नवा रेकॉर्ड केलेला आवाज कोरडा असतो आणि एम-अँड-ईतल्या आवाजांना खोलीचा घुमारा असतो. थोडा रिव्हर्ब दिला नाही तर शिंगरू खोलीत आणि त्याचा खोकला खोलीबाहेर असं वाटतं. शेळीचं हसू संवादापेक्षा खालच्या पातळीवर, नाहीतर ती विनोद हिसकावून घेते. एकूण आवाजाची पातळी ग्राहकाच्या पत्रकाप्रमाणे: टीव्हीला युरोपीय प्रमाणाने उणे २३ एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककात, आणि काही ओटीटींना संवाद मोजून उणे २७. दोन्हींसाठी एकच मिक्स वर-खाली करून पाठवण्याचा आळस करू नये. संवाद आणि संगीत यांतलं प्रमाण प्रत्येक ठिकाणी वेगळं ऐकू येतं.

शेवटची तपासणी मोबाईलच्या स्पीकरवर, कारण निम्मी मुलं तिथेच बघतात. मूळ इंग्रजी कधीही न ऐकलेल्या माणसाला बसवायचं आणि त्याच्याकडे बघायचं, पडद्याकडे नाही. शेळीच्या आधी तो हसला तर "कुठं?" मध्ये काहीतरी जास्त सांगितलं गेलंय. शेळीनंतर हसला तर तो शेळीला हसला. चौदा फ्रेमच्या त्या फटीत हसला तर फाईल पाठवायची, आणि पुढच्या भागाच्या स्पॉटिंगला लागायचं.